हॅटच्या काठाची सावली चेहऱ्यावर खरी कशी वाटेल?

प्रश्न: उघड्या डोक्याच्या एका पोर्ट्रेटवर फोटोशॉपमध्ये हॅट बसवली आहे. फोटो स्टुडिओत एकाच लाइटवर काढलेला आहे. हॅट बरी बसली, पण सावलीसाठी Multiply लेअरवर काळा मऊ ब्रश फिरवला की चेहऱ्याला काजळी फासल्यासारखं दिसतं. Opacity कमी केली तर ती सावलीच वाटत नाही. सावली नेमकी कुठे, किती गडद आणि किती मऊ ठेवायची हे कसं ठरवायचं?

उत्तर:

काळा ब्रश जिथे फिरेल तिथलं सगळंच काळवंडतं. हॅट तसं करत नाही. हॅटचा काठ फक्त एक लाइट अडवतो. भिंतींवरून, कपड्यांवरून, जमिनीवरून उसळून येणारा प्रकाश चेहऱ्यावर बराचसा तसाच राहतो. त्यामुळे सावली रंगवताना चेहऱ्याच्या प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: इथे मुख्य लाइट पोचत होता का? पोचत असेल तर तो काढायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची चमकही काढायची. पोचतच नसेल, म्हणजे तिथे आधीच नाकाची किंवा भुवईच्या हाडाची सावली असेल, तर तिथे काढण्यासारखं काही उरलेलं नाही. एकच लाइट दोनदा अडवता येत नाही. काजळी दिसते ती बहुतेक वेळा या दोन चुकांमुळे: आधीच्या सावलीवर दुसरी सावली चढते आणि कपाळावरची चमक सावलीतही राखाडी होऊन तशीच उरते.

हिशोब समजावा म्हणून एक ठरावीक उदाहरण धरू. चेहरा समोरून आहे, लाइट आपल्या डावीकडून वरून येतो, हॅटचा काठ कपाळापुढे ६ सेंमी आलेला आहे आणि पुढून किंचित खाली झुकलेला आहे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दीड-दोन मीटर लांब आहे.

सावलीच्या आधी हॅटबद्दल थोडं, कारण हॅट चुकीची असेल तर सावली कितीही नीट काढली तरी चित्र जमत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल तर जिथे काठ खाली झुकलेला नाही तिथे त्याची खालची बाजू दिसायला हवी, कारण काठ डोळ्यांच्या वर आहे. विकायला ठेवलेल्या हॅटचे फोटो बहुधा थोडे वरून काढलेले असतात, त्यात काठाची वरची बाजू दिसते आणि पुढची कड खाली फुगलेली असते. असा फोटो `Warp` ने कितीही वाकवला तरी जो पृष्ठभाग कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो येत नाही. फोटो बदला. तसंच हॅटच्या टोपावर उजेड कोणत्या बाजूने आहे ते पाहा. उलट्या बाजूने असेल तर `Flip Horizontal` करता येतं, पण पुरुषांच्या हॅटच्या पट्ट्याची गाठ परंपरेने घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असते. उलटवल्यावर ती उजवीकडे जाते आणि हॅट वापरणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा गाठ झाकायची किंवा पुसायची तयारी ठेवा.

हॅट केसांवर तरंगत नाही, कवटीवर बसते. केसांचा फुगवटा आत दबतो, म्हणून हॅट केसांच्या वरच्या रेषेवर टेकवली की ती लहान मुलाची उसनी आणल्यासारखी दिसते. आतल्या पट्ट्याची रेषा कपाळाच्या साधारण मध्यावर आणि कानांच्या जरा वर आणा. पट्ट्याची रुंदी डोक्याच्या रुंदीपेक्षा प्रत्येक बाजूला चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवा. काठाबाहेर डोकावणारे मूळ केस पार्श्वभूमीने झाका आणि कानाजवळचे केस `Liquify` मध्ये आत दाबा. मागचा काठ डोक्याच्या मागे जातो, म्हणून हॅटचे दोन लेअर करा: मागचा काठ चेहऱ्याच्या मागे, बाकी हॅट पुढे.

आता माप. सावली कुठे पडेल हे काढायला फोटोतच एक पट्टी मिळते: डोळ्यातलं रंगीत बुबुळ. मोठ्या माणसात त्याची आडवी रुंदी १२ मिमीच्या जरा आत असते आणि माणसामाणसात फारशी बदलत नाही. `Ruler Tool` ने ती मोजा. आपल्या उदाहरणात ती ४८ पिक्सेल आहे, म्हणजे १ मिमीला ४ पिक्सेल, १ सेंमीला ४०. हॅटचा काठ ६ सेंमी पुढे, म्हणजे २४० पिक्सेल. हे अंतर कॅमेऱ्याच्या दिशेने असल्याने चित्रात दिसणार नाही, पण हिशोबात लागणार आहे.

लाइट किती उंचावर आणि किती बाजूला होता हे नाकाची सावली सांगते. नाकाचं टोक वरच्या ओठाच्या पुढे साधारण २ सेंमी, म्हणजे ८० पिक्सेल येतं असं धरा. नाकाच्या टोकापासून त्याच्याच सावलीच्या टोकापर्यंत पट्टी ओढली की वरच्या पट्टीत `W` आणि `H` दिसतात. समजा सावली ७२ पिक्सेल खाली आणि ३२ पिक्सेल उजवीकडे गेली आहे. ७२ भागिले ८० म्हणजे ०.९, आणि ३२ भागिले ८० म्हणजे ०.४. अंश-कोनाच्या भानगडीत पडायची गरज नाही. हे दोन आकडे पुरे आहेत: एखादी वस्तू चेहऱ्यापुढे जितकी येते, त्याच्या ०.९ पट तिची सावली खाली आणि ०.४ पट उजवीकडे पडते. नाकाला जे लागू, तेच काठाला.

काठाच्या कडेवरचा एखादा बिंदू घ्या, तो त्याच्यामागच्या त्वचेपासून किती पुढे आहे ते ठरवा, तितकं गुणून खाली आणि उजवीकडे सरका. तिथे सावलीची धार. आपल्या उदाहरणात हॅट भुवईच्या अडीच सेंमी वर बसली आहे आणि काठ पुढे १ सेंमी झुकला आहे, म्हणजे काठाची कड भुवईच्या रेषेपासून दीड सेंमी, ६० पिक्सेल वर आहे.

नाकाच्या दांड्यावर सुरुवात करू. दांडा त्या ठिकाणी कपाळाच्या पुढे साधारण १ सेंमी आलेला असतो, म्हणून काठ आणि दांडा यांच्यातलं अंतर ६ नाही, जेमतेम ५ सेंमी. ४.८५ धरलं तर १९४ पिक्सेल, त्याचं ०.९ पट १७५. त्यातून वरचे ६० वजा केले की सावलीची धार नाकावर भुवईच्या ११५ पिक्सेल खाली येते. उजवा गाल मात्र कपाळापेक्षा सेंटीमीटरभर मागे असतो. तिथे अंतर ७ सेंमी, २८० पिक्सेल, खाली २५२. ६० वजा केले की भुवईच्या १९० खाली. डाव्या गालावर वेगळाच प्रकार होतो: तिथली सावली काठाच्या डावीकडच्या भागाची असते आणि तो गोल वळून मागे गेलेला असतो. अंतर ५.८ सेंमीच्या आसपास उरतं आणि धार १५० पिक्सेल खाली पडते.

म्हणजे धार डाव्या गालावर १५०, नाकावर ११५, उजव्या गालावर १९०. नाकावर वर चढणारी आणि दोन्ही गालांवर उतरणारी कमान, तीही लाइटच्या विरुद्ध बाजूला जास्त उतरलेली. बहुतेक जण नेमकं उलट करतात. ते काठाची प्रतिकृती करून खाली सरकवतात, त्यामुळे धार नाकावरूनही सपाट जाते आणि नाक चेहऱ्यावर छापल्यासारखं चपटं दिसतं. सावलीतून चेहऱ्याची उंच-सखल जाणवते ती धारेच्या याच वर-खाली होण्यामुळे. एवढी एक गोष्ट जमली तर गडदपणात थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळा माफ करतो.

नाकाचा २ सेंमीचा अंदाज थोडा चुकला तर धार सात-आठ मिलिमीटर वर-खाली होईल, आणि ते कुणाला कळत नाही. दिशा चुकलेली मात्र लगेच कळते, कारण नाकाची सावली शेजारीच बसून साक्ष देत असते. शंका वाटली तर कुणाच्या तरी डोक्यावर तशीच हॅट ठेवून, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च त्याच दिशेने धरा आणि फोटो काढा. चेहरा वेगळा असला तरी धारेचं वळण तेच असतं.

काढलेले बिंदू `Pen Tool` ने जोडा. दोन्ही बाजूंना धार गालाच्या बाहेरच्या कडेने आणखी उतरत कानाकडे जाते. कान आणि कानापुढचे केस सावलीत घ्यायला विसरू नका. सावली चेहऱ्यावर संपवून कान उजळ ठेवले की ते वेगळे चिकटवल्यासारखे दिसतात. वरच्या बाजूला पाथ सरळ हॅटखाली नेऊन बंद करा.

आता गडदपणा. काळा रंग नको, Multiply नको, `Curves` चा अॅडजस्टमेंट लेअर घ्या आणि वरच्या पाथचं सिलेक्शन त्याच्या मास्कमध्ये भरा. फोटो १६ बिटमध्ये असलेला बरा, नाहीतर इतकं गडद करताना गालावर पट्टे उठतात. सावली किती गडद असावी हे पुन्हा फोटोच सांगतो. `Color Sampler Tool` चं `Sample Size` `11 by 11 Average` वर ठेवा. एक नमुना उजळलेल्या गालावर, चमक नसलेल्या जागी. दुसरा नाकाच्या सावलीत, वरच्या ओठावर. तिथे मुख्य लाइट पोचत नाही पण बाकीचा प्रकाश पोचतो, म्हणजे हॅटच्या सावलीत जे घडणार आहे तेच तिथे आधी घडलेलं आहे.

समजा गालावर २०४, १६०, १३८ आणि नाकाच्या सावलीत ९२, ६६, ५६ मिळाले. लाल ०.४५ पट झाला, हिरवा आणि निळा ०.४१ पट. `Curves` मध्ये `Red` निवडा आणि वरच्या उजव्या टोकाचा बिंदू सरळ खाली ओढून `Output` ११५ करा. `Green` ला १०५, `Blue` ला १०३. मधे एकही बिंदू घालायचा नाही, रेष सरळच राहू द्या. लाल किंचित जास्त राहिल्याने सावली उबदार दिसते, आणि त्वचेची सावली तशीच असते. काळ्या ब्रशला हा फरक येत नाही, म्हणून तो राखेसारखा दिसतो.

सरळ रेषच का? मधला बिंदू खाली ओढून वरचं टोक २५५ वरच ठेवलं तर मधल्या छटा गडद होतात आणि सर्वांत उजळ भाग जागच्या जागी राहतो. मग सावलीत कपाळ तेलकट चमकतं. चित्रातले आकडे एका पटीने कमी करणं म्हणजे प्रत्यक्ष उजेडही एका ठरावीक पटीने कमी करणं, आणि लाइट अडवल्यावर होतं ते साधारण तेच. आकडा ०.४५ पट झाला म्हणजे प्रत्यक्ष उजेड सुमारे १७ टक्के उरला, अडीच स्टॉपचा फरक. ऐकायला भयंकर वाटतं, पण एका लाइटच्या पोर्ट्रेटमध्ये ते अगदी नेहमीचं आहे. Opacity घाबरत-घाबरत ठेवल्यामुळेच तुमची सावली सावली वाटत नव्हती.

तरीही सरळ रेषेने चमक पूर्ण जात नाही, फक्त तिची उंची कमी होते. कपाळावर चमक २४६, २२२, २०६ आणि शेजारची त्वचा २०८, १६४, १४२ असेल तर सावलीत दोन्ही ०.४५ पट होतील, पण चमकेचा डाग तसाच राखाडी दिसत राहील. लाइटच अडवला असेल तर त्याचं प्रतिबिंब कुठून येणार? म्हणून `Curves` च्या खाली एक रिकामा लेअर घ्या, त्याचा मोड `Darken` करा, शेजारच्या चमक नसलेल्या त्वचेचा रंग उचला आणि १५ ते २० टक्के `Opacity` च्या मऊ ब्रशने कपाळाची, नाकाच्या दांड्याची आणि वरच्या पापणीची चमक हळूहळू बसवा. सावलीच्या धारेखाली, नाकाच्या टोकावर आणि ओठांवर जी चमक आहे ती मुळीच काढू नका. तिथे लाइट अजून पडतोच आहे. या लेअरला `Curves` चाच मास्क द्या म्हणजे हात भरकटला तरी काम सीमेत राहतं.

यानंतर आधीच्या सावल्या. आपल्या उदाहरणात नाकाखालची सावली हॅटच्या सावलीच्या बाहेर आहे आणि नाकाच्या टोकावर लाइट पडतोच, म्हणून ती तशीच राहील. आत येतात त्या म्हणजे नाकाच्या दांड्याची उजवी उतरण, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली खोलगट जागा आणि कपाळावर केसांची सावली असल्यास ती. या जागी `Curves` चा मास्क गडद राखाडीने रंगवा, म्हणजे परिणाम वीस-तीस टक्केच उरेल. पूर्ण काळा करू नका, कारण वरून येणारा उसळता प्रकाशही काठाने थोडा अडवलेला आहे. हे `Blend If` च्या `Underlying Layer` सरकपट्टीने झटपट करता येईल असं वाटतं, पण ती गडद दिसणारं सगळं वगळते: भुवया, पापण्या, बुबुळं. मग सावलीत भुवया न गडद होता फिक्या तरंगतात. इथे हातानेच रंगवणं बरं. नाकाच्या उतरणीवर मास्क नीट झाला आहे का ते असं ओळखा: उतरण आणि तिच्या शेजारचा गाल यांच्यातला फरक सावलीत खूप कमी व्हायला हवा. मूळ फोटोइतकाच फरक दिसत असेल तर तिथे अजून दुहेरी सावली आहे.

हॅटखाली पाहिलेले खरे चेहरे आठवून पाहा. सावलीच्या आत चेहरा बराच सपाट, मऊ दिसतो. वरच्या दोन्ही कामांचा रोख तोच आहे.

धार किती मऊ, याचं उत्तरही नाकाकडे आहे. धार मऊ होते कारण लाइट एक बिंदू नसतो, त्याला आकार असतो. सावली पाडणारी वस्तू जितकी दूर, धार तितकी पसरट. नाकाच्या सावलीची धार, पूर्ण उजळपासून पूर्ण गडदपर्यंत, किती पिक्सेलमध्ये बदलते ते मोठं करून मोजा. समजा १३ पिक्सेल. नाकाचं टोक २ सेंमी पुढे होतं. काठ गालांच्या ६ ते ७ सेंमी पुढे आहे, म्हणजे तीन ते साडेतीन पट, म्हणून गालांवर धार ४० ते ४५ पिक्सेल. नाकाच्या दांड्यावर अंतर ५ सेंमीच्या आत, म्हणून ३० च्या आसपास. `Gaussian Blur` चा `Radius` या रुंदीच्या साधारण चौथा हिस्सा ठेवला की जमतं. मास्कला आधी ८ चा ब्लर द्या, मग फक्त गालांच्या भागाचं सिलेक्शन `Feather` करून तिथे आणखी ७-८ चा. दोन ब्लर एकावर एक दिले की त्यांची सरळ बेरीज होत नाही, म्हणून मिळून परिणाम ११ च्या जवळ येतो.

तुमचा लाइट कसा होता यावर हे आकडे खूप बदलतात. ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स दीड मीटरवर असेल तर ८ सेंमी लांबच्या काठाची धार ३ सेंमीहून जास्त पसरते, म्हणजे आपल्या मापाने सव्वाशे पिक्सेलच्या पुढे. तिथे धार अशी दिसतच नाही, नुसता उतार दिसतो. उलट कडक उन्हात सूर्याचा दिसणारा व्यास अर्ध्या अंशाच्या जवळपास असतो आणि तेवढ्याच अंतरावर धार १ मिमीच्याही आत राहते. अशा कडक धारेत एक बारीक गोष्ट दिसते: त्वचेत शिरलेला लाल प्रकाश सावलीच्या बाजूला थोडा झिरपतो, म्हणून धारेला लालसर किनार येते. ती द्यायची असेल तर धारेलगत चार-पाच पिक्सेलच्या पट्टीत `Saturation` १० ने वाढवा. मऊ सावलीत हे करू नका, तिथे ते पुरळ उठल्यासारखं दिसतं. ढगाळ हवेत काढलेल्या फोटोत तर धार शोधायचीच नाही. तिथे कपाळ गडद, खाली येताना हळूहळू उजळ, एवढंच.

हा उतार एका लाइटच्या फोटोतही थोडा लागतो. काठाखाली, कपाळावर सर्वांत कमी उसळता प्रकाश पोचतो. भिंत आणि छताकडून येणारा काठ अडवतो, छातीकडून येणारा खालून जेमतेम पोचतो. त्यामुळे कपाळ डोळ्यांखालच्या भागापेक्षा जास्त गडद असतं. दुसरा `Curves` लेअर घेऊन वरचं टोक २१५ च्या आसपास आणा आणि मास्कमध्ये पट्ट्यापासून भुवईपर्यंत विरत जाणारा `Gradient` द्या. शिवाय पट्टा कपाळाला टेकलेला दिसतो तिथे सात-आठ पिक्सेलची अरुंद गडद रेघ हवी. ती नसेल तर हॅट कपाळापासून सुटलेली वाटते. हॅटच्या बाकी कुठल्याही चुकीपेक्षा ही रेघ नसणं जास्त जाणवतं.

काठाची खालची बाजू जिथे दिसते तिथे तीही याच न्यायाने गडद करा. हॅटच्या फोटोत ती चारी बाजूंच्या लाइटने उजळलेली असते, पण तुमच्या चित्रात मुख्य लाइट वरून येतो, म्हणून खालच्या बाजूला तो मुळीच पडत नाही. कपाळाकडे सर्वांत गडद, कडेकडे जरा उजळ, आणि माणसाने फिका शर्ट घातला असेल तर त्याची हलकी छटा.

डोळ्यांवर बहुतेक कामं बिघडतात. आपल्या हिशोबात बाहुल्या भुवईच्या ८० पिक्सेल खाली आहेत आणि सावलीची धार त्यांच्या बरीच खाली, म्हणजे दोन्ही डोळे पूर्ण सावलीत. मग बुबुळाच्या वरच्या डाव्या भागातला मुख्य लाइटचा पांढरा ठिपका राहूच शकत नाही. तो पुसा. पुसल्यावर डोळे निर्जीव वाटतात म्हणून लोक तो परत आणतात, आणि सावली खोटी पडते. त्याऐवजी बुबुळाच्या खालच्या तिसऱ्या भागात आठ-दहा टक्क्यांची मंद, आडवी उजळी द्या. हॅटखालच्या डोळ्यात शर्टाचं किंवा जमिनीचं प्रतिबिंब असंच दिसतं. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा ठेवू नका. तो मूळ २३० असेल तर आता शंभरीच्या आसपास असला पाहिजे.

डोळे स्पष्ट दिसायलाच हवेत अशी गरज असेल तर सावलीत उजळवण्यापेक्षा हॅट बदला. अरुंद काठाची घ्या किंवा मागे सरकवा. काठ कपाळापुढे अडीच सेंमीच आला, झुकलेला नसला आणि तेवढ्याच उंचीवर राहिला तर सावली ९० पिक्सेल खाली येते, कड भुवईच्या १०० वर असते, आणि धार भुवईच्या जरा वरच थांबते. डोळे आपोआप उजेडात, ठिपक्यांसकट.

चेहऱ्याबाहेरची सावलीही तपासा. डोक्यामागे भिंतीवर मूळ सावली दिसत असेल तर ती अजून उघड्या डोक्याची आहे, तिलाही हॅट घालावी लागेल. लाइटच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावर काठाची सावली पडू शकते. चष्मा असेल तर सावली आधी फ्रेमवर पडते आणि फ्रेम त्वचेच्या पुढे असल्याने तिथे धार गालावरच्या धारेपेक्षा वर येते, नाकावर येते तशीच.

शेवटचं काम ग्रेनचं. `Curves` ने आकडे ०.४५ पट केले तेव्हा त्वचेवरचा बारीक ग्रेनही तेवढाच दबला, म्हणून सावली प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत दिसते. सगळ्यांत वर ५० टक्के राखाडीचा लेअर `Overlay` मोडमध्ये घ्या, `Add Noise` मध्ये `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून २ ते ३ टक्के द्या, आणि सावलीचाच मास्क लावा. हनुवटीखालच्या मूळ सावलीशेजारी ठेवून १०० टक्के झूमवर जुळवा. हॅटचा फोटो तुमच्या फोटोपेक्षा जास्त टोकदार असेल तर त्याला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर पुरतो.

तपासायला वर तात्पुरता `Black & White` लेअर ठेवा आणि हॅटची सावली नाकाखालच्या सावलीशी ताडून पाहा. धारेजवळचा गाल आणि नाकाची सावली जवळपास सारख्या गडद दिसल्या पाहिजेत, कपाळ त्याहून थोडं जास्त. गाल उजळ दिसला तर `Curves` चं टोक आणखी खाली न्या. कपाळ पूर्ण काळं दिसलं तर दुसऱ्या `Curves` ची `Opacity` निम्मी करा. आणि ज्या फोटोत लाइट मागून किंवा अगदी खालून आहे तिथे हा सगळा खटाटोप करू नका, तिथे काठाची सावली चेहऱ्यावर पडतच नाही. फोनने हातभर अंतरावरून काढलेली सेल्फी असेल तर ६ सेंमी पुढे आलेला काठ पंधरा टक्क्यांच्या आसपास मोठा दिसतो. त्यामुळे लांबून काढलेल्या फोटोतली हॅट तिथे आकाराने बसली तरी काठ आखूड वाटतो, आणि सावलीचा हिशोब करताना काठाची चित्रात दिसणारी कड तेवढी वर सरकलेली आहे हे धरावं लागतं.